डिसिजन ट्री: गेन उणे येतो, रूटला गट क्रमांक बसतो, कॉम्प्युटरचं झाड वेगळंच निघतं

डेटा मायनिंगच्या युनिटमध्ये डिसिजन ट्रीचं गणित दिसायला सोपं असतं. दहा ओळींचा तक्ता, तीन-चार कॉलम आणि एकच सूत्र. तरी तीन तक्रारी दरवर्षी येतात: इन्फर्मेशन गेन उणे आला, रूटला, म्हणजे झाडाच्या पहिल्या प्रश्नाला, भलताच कॉलम आला, हाताने काढलेलं झाड आणि पायथनने छापलेलं झाड जुळत नाही. या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, पण एकाच तक्त्यावर ती सगळी दाखवता येतात.

तक्ता सरावासाठी बनवलेला आहे. विषय मराठवाड्यातल्या रब्बीचा घेतला आहे: शेतकऱ्याने हरभरा पेरला की ज्वारी? भारी काळ्या रानात ओलीवर येणारी ज्वारी आणि पाण्याची एखादी पाळी देता आली तर हरभरा, हा हिशेब इथल्या वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

| गट क्र. | जमीन | विहिरीचं पाणी | परतीचा पाऊस | पेरणी |
|---|---|---|---|---|
| १४ | भारी | नाही | चांगला | ज्वारी |
| २७ | मध्यम | आहे | चांगला | हरभरा |
| ३१ | हलकी | आहे | चांगला | हरभरा |
| ४८ | भारी | नाही | कमी | ज्वारी |
| ५२ | मध्यम | नाही | कमी | हरभरा |
| ६६ | भारी | आहे | कमी | हरभरा |
| ७३ | मध्यम | नाही | चांगला | हरभरा |
| ८५ | हलकी | आहे | कमी | ज्वारी |
| ९१ | भारी | नाही | चांगला | ज्वारी |
| १०८ | मध्यम | आहे | कमी | हरभरा |

आधी बरोबर उत्तर

हरभरा ६, ज्वारी ४. पूर्ण तक्त्याची एन्ट्रॉपी ०.९७१ येते. एन्ट्रॉपी म्हणजे त्या ढिगाऱ्यात किती सरमिसळ आहे याचं माप. दोन वर्ग निम्मे-निम्मे असतील तर १, सगळे एकाच वर्गाचे असतील तर ०.

आता जमिनीनुसार तक्ता फोडा. भारी जमिनीच्या ४ ओळींत हरभरा १ आणि ज्वारी ३, म्हणून एन्ट्रॉपी ०.८११. मध्यमच्या चारही ओळी हरभऱ्याच्या, एन्ट्रॉपी ०. हलकीच्या दोन ओळींत एक हरभरा आणि एक ज्वारी, एन्ट्रॉपी १. फोडल्यानंतर उरलेली सरमिसळ खाली काढली आहे; मूळ एन्ट्रॉपीतून ती वजा केली की त्या कॉलमचा इन्फर्मेशन गेन मिळतो:

```
(4/10)*0.811 + (4/10)*0 + (2/10)*1 = 0.525
Gain(जमीन) = 0.971 - 0.525 = 0.446
```

याच पद्धतीने पाण्याचा गेन ०.१२५ येतो (आहे: ४ हरभरा, १ ज्वारी, नाही: २ हरभरा, ३ ज्वारी). परतीच्या पावसाचा गेन ० येतो, कारण चांगला पाऊस असो की कमी, दोन्हीकडे ३ हरभरा आणि २ ज्वारी असंच प्रमाण आहे. पाऊस विचारून पहिल्या पायरीला काहीच नवं कळत नाही.

म्हणजे रूटला जमीन. गट क्रमांकाकडे पुढे येऊ.

पावसाचा हा शून्य गेन जपून ठेवा, चूक पकडायला तो फार उपयोगी आहे. ज्या कॉलमच्या प्रत्येक फांदीत वर्गांचं प्रमाण मूळ तक्त्याइतकंच आहे, त्याचा गेन शून्यच यायला हवा. तो दुसरा काही आला तर बाकीच्या कॉलमचे आकडेही तपासल्याशिवाय खरे मानू नका.

गेन उणे आला

इन्फर्मेशन गेन उणे येऊच शकत नाही. तक्ता कसाही फोडला तरी उरलेली सरमिसळ मूळपेक्षा वाढत नाही, फार तर तेवढीच राहते. म्हणून उत्तरापुढे उणे चिन्ह दिसलं की तिथेच थांबा. दशांशाच्या चौथ्या स्थानावर आलेलं -०.०००१ सोडून द्या, ते राउंडिंगचं आहे. -०.८४ आलं असेल तर फांद्यांना वजन द्यायचं राहिलं आहे.

म्हणजे असं झालं आहे: ०.८११ + ० + १ = १.८११ अशी सरळ बेरीज केली आणि ०.९७१ मधून वजा केली. उत्तर -०.८४०. पाण्याचं तसंच केलं तर ०.७२२ + ०.९७१ = १.६९३, उत्तर -०.७२२. पावसाचं -०.९७१. आता यातला सर्वांत मोठा आकडा -०.७२२, म्हणून रूटला पाणी बसतं. विद्यार्थ्याला वाटतं, चिन्हाचीच काय ती गडबड असेल, क्रम तर बरोबर असेल. क्रमही चुकलेला असतो. सरळ बेरजेत जितक्या फांद्या जास्त तितकी बेरीज मोठी, म्हणून तीन फांद्यांची जमीन दोन फांद्यांच्या पाण्यापुढे मागे पडली.

याच चुकीचा एक शांत भाऊ आहे, आणि तो सापडायला कठीण. काही जण फांद्यांच्या एन्ट्रॉपीची साधी सरासरी काढतात: १.८११ भागिले ३ म्हणजे ०.६०४, गेन ०.३६७. उणे येत नाही. पावसाचा गेनही बरोबर शून्य येतो, पाण्याचाही ०.१२५ बरोबर येतो, कारण त्या दोन्ही कॉलममध्ये फांद्या ५ आणि ५ अशा समान आहेत. रूटसुद्धा जमीनच राहते. फक्त जमिनीचा आकडा ०.४४६ ऐवजी ०.३६७ असतो. म्हणून तपासणी करताना ज्या कॉलमच्या फांद्या असमान आहेत तोच आधी घ्या. समान फांद्यांचा कॉलम ही चूक झाकून टाकतो.

वजनाचा छेद कोणता, यावरही घोटाळा होतो. रूटवर छेद १०. पण भारी जमिनीच्या फांदीत उतरल्यावर छेद ४, कारण आता तुमचा तक्ता तेवढाच आहे. आणि ज्यातून वजा करायचं ती एन्ट्रॉपीही ०.९७१ नव्हे, ०.८११. दुसऱ्या पायरीला पाण्याचा गेन ०.९७१ आला असेल तर जुनाच आकडा पुढे ओढलेला आहे. नोडच्या स्वतःच्या एन्ट्रॉपीपेक्षा गेन मोठा येणं शक्य नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी ही चूक पाहता क्षणी कळते.

आकडे फारच लहान किंवा विचित्र येतात

हा बहुतेक वेळा एन्ट्रॉपीच्या सूत्रातल्या लॉगचा दोष असतो. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरचं `log` बटण पाया १० चं असतं, `ln` पाया e चं. आपल्याला पाया २ हवा. पाया १० ने पूर्ण तक्त्याची एन्ट्रॉपी ०.२९२ येते, `ln` ने ०.६७३. `log` चं उत्तर ०.३०१० ने भागलं की पाया २ चं मिळतं. `ln` चं उत्तर असेल तर ०.६९३१ ने भागा. सगळ्यात सोपी चाचणी: एक-एक अशा दोन ओळींची एन्ट्रॉपी काढून पाहा. ती १ यायला हवी. ०.३०१ आली की बटण चुकलं.

सगळं गणित एकाच चुकीच्या पायाने केलं तर सगळे गेन एकाच पटीने लहान होतात आणि रूट बदलत नाही. आकडे चुकले म्हणून मार्क जातात, झाड मात्र तेच राहतं. खरा धोका मिसळण्याचा आहे. पूर्ण तक्त्याची ०.९७१ तयार उत्तरातून उचलली आणि फांद्यांची एन्ट्रॉपी कॅल्क्युलेटरवर `log` ने काढली, असं झालं की जमीन ०.८१३, पाणी ०.७१६, पाऊस ०.६७९ असे भारदस्त गेन येतात. सगळे धन, सगळे एकपेक्षा कमी, दिसायला झकास. इथे पावसाचा शून्य कामी येतो: तो ०.६७९ दिसतो आहे म्हणजे पाया मिसळला.

एक्सेलमध्ये `LOG(x,2)` लिहा. मध्यम जमिनीच्या फांदीत ज्वारी शून्य आहे, तिथे `LOG(0,2)` मुळे `#NUM!` येतो आणि तो पुढच्या प्रत्येक बेरजेत पसरतो. एन्ट्रॉपीत शून्य प्रमाणाची पदं शून्य धरायची असतात, म्हणून त्या सेलमध्ये `IF` लावून ० द्या. शून्याच्या जागी ०.०००१ टाकून वेळ मारून नेऊ नका; त्याने शुद्ध फांदीसुद्धा थोडी मिसळलेली दिसते.

हाताची उत्तरं ताडून पाहायला पायथनचं एवढंच पुरे:

```python
from math import log2
def H(*n):
    t = sum(n)
    return -sum(k/t*log2(k/t) for k in n if k)

print(H(6,4) - (4/10*H(1,3) + 4/10*H(4,0) + 2/10*H(1,1)))
```

उत्तर ०.४४६४ छापलं जातं. नुसतं `H(4,0)` छापलं तर `-0.0` दिसतं. तो शून्यच आहे, दोष नाही.

रूटला गट क्रमांक बसला

इथे गणितात चूक नसते, म्हणूनच विद्यार्थी जास्त गोंधळतो. गट क्रमांक प्रत्येक ओळीचा वेगळा. त्यावर फोडलं की दहा फांद्या, प्रत्येकीत एकच ओळ, प्रत्येकीची एन्ट्रॉपी शून्य. गेन पूर्ण ०.९७१. याहून मोठा गेन कोणत्याच कॉलमला मिळू शकत नाही, तेव्हा सूत्र त्यालाच रूटला बसवणार.

पण असं झाड वापरायचं कशाला? गट क्रमांक ११५ चा शेतकरी आला तर त्या क्रमांकाची फांदीच नाही. या झाडाने दहा ओळी पाठ केल्या आहेत, जमीन-पाण्याचं त्याला काही कळलेलं नाही. इन्फर्मेशन गेनला अनेक किमती असलेल्या कॉलमकडे झुकायची मुळातच सवय आहे. जे. आर. क्विन्लन यांच्या आयडी-थ्रीमध्ये (१९८६) निवड थेट गेनवर होते, आणि त्यांच्याच सी-फोर-पॉइंट-फाइव्हमध्ये (१९९३) यावर उतारा म्हणून गेन रेशो वापरला आहे. कॉलमने तक्त्याचे किती तुकडे केले त्याचीच एन्ट्रॉपी काढायची, तिला स्प्लिट इन्फो म्हणतात, आणि गेनला तिने भागायचं.

आपल्या तक्त्यावर ते करून पाहा:

```
गट क्रमांक : SplitInfo = log2(10)   = 3.322
             0.9710 / 3.322 = 0.2923
जमीन       : SplitInfo = H(4,4,2)   = 1.522
             0.4464 / 1.522 = 0.2933
```

जमीन जिंकली, पण फक्त ०.००१ ने. दोन दशांशांपर्यंत राउंड केलं तर दोन्ही ०.२९ होतात आणि रूट कोणतं ते ठरतच नाही. गेन रेशोबद्दल शिकवताना ‘क्रमांकाचा कॉलम आपोआप मागे पडतो’ असं सांगितलं जातं; या तक्त्यावर ते जेमतेम खरं ठरतं. गेन रेशोवर विसंबू नका, असंच आमचं स्पष्ट मत आहे. गट क्रमांक, खाते क्रमांक, मोबाईल नंबर, नाव, असे ओळख पटवणारे कॉलम गणिताआधीच काढून टाका. परीक्षेत तक्त्याचा पहिला कॉलम अनुक्रमांकाचा असतो तोही याच जातीचा. त्याचा गेन काढत बसू नका, तो गुणधर्म नाही असं एका ओळीत लिहा.

आणि हो, या कामात राउंडिंग किमान चार दशांशांचं ठेवा. वरच्या उदाहरणात तेवढ्यावरच सगळं टिकून आहे.

दुसऱ्या पायरीला पाऊस वगळला

रूटवर पावसाचा गेन शून्य आला म्हणून अनेक जण तो कॉलम कायमचा खोडतात. मग हलक्या जमिनीच्या फांदीत अडकतात. तिथे दोन ओळी आहेत: गट ३१ आणि गट ८५. दोघांकडे विहिरीचं पाणी आहे, म्हणजे पाण्याचा गेन इथे शून्य. पाऊस मात्र वेगळा आहे: चांगला झाला तिथे हरभरा, कमी झाला तिथे ज्वारी. पावसाचा गेन १, पूर्ण. पूर्ण तक्त्यात ज्याने काही सांगितलं नाही, त्याच कॉलमने इथे सगळं सांगितलं. एखादा कॉलम दुसऱ्याच्या जोडीनेच बोलतो, एकटा बोलत नाही. म्हणून प्रत्येक नोडवर, त्या मार्गावर आधी न वापरलेले सगळे कॉलम पुन्हा मोजायचे.

भारी जमिनीच्या फांदीत पाण्याचा गेन ०.८११ आणि पावसाचा ०.३११. पाणी घ्या, पाणी असेल तर हरभरा, नसेल तर ज्वारी. मध्यम जमिनीची फांदी शुद्धच आहे, तिथे हरभऱ्याचं पान.

हाताचं झाड इथे पूर्ण होतं. फक्त हलक्या जमिनीचा नियम दोन ओळींवर उभा आहे, हे वहीत लिहून ठेवा. पानात किमान दोन ओळी हव्यात अशी अट असेल तर ही फांदी फोडताच येत नाही. मग एक-एक अशी बरोबरी उरते, आणि वरच्या नोडचं बहुमत (६ विरुद्ध ४) पाहून तिथे हरभरा लिहितात.

पायथनचं झाड जुळत नाही

scikit-learn मध्ये काहीही न सांगता झाड बनवलं तर ते गिनी हे सरमिसळीचं दुसरं माप वापरतं, एन्ट्रॉपी नाही. तेवढं `criterion="entropy"` ने सुटतं. तरीही झाड जुळणार नाही, कारण ही लायब्ररी प्रत्येक नोडवर दोनच फांद्या पाडते. जमिनीच्या तीन फांद्या तिला एकदम पाडता येत नाहीत.

```python
import pandas as pd
from sklearn.tree import DecisionTreeClassifier, export_text

# df म्हणजे वरचा तक्ता, रोमन लिपीत टाइप केलेला
X = pd.get_dummies(df[["jamin","pani","paus"]])
m = DecisionTreeClassifier(criterion="entropy", random_state=0)
m.fit(X, df["perni"])
print(export_text(m, feature_names=list(X.columns)))
```

`get_dummies` प्रत्येक किमतीचा वेगळा हो-नाही कॉलम करतं. यात रूटला `jamin_madhyam` येतं. मध्यम विरुद्ध बाकी सगळं, गेन ०.४२०. हाताच्या ०.४४६ पेक्षा कमी, कारण भारी आणि हलकी यांना एकत्र ठेवावं लागलं. हे बरोबर आहे, वहीत चूक शोधू नका.

`get_dummies` ऐवजी `LabelEncoder` लावला तर मात्र खरी गडबड होते. तो किमती अक्षरांच्या क्रमाने लावून ०, १, २ देतो आणि झाड ते आकडे म्हणून कापतं. रोमनमध्ये क्रम येतो bhari, halki, madhyam, म्हणून मध्यम टोकाला पडते आणि वेगळी कापता येते. तोच तक्ता देवनागरीत टाइप केला तर क्रम भारी, मध्यम, हलकी. मध्यम मधोमध आली, तिला एका कापात वेगळं करता येत नाही, आणि रूटवर मिळणारा सर्वांत चांगला गेन ०.२५६ वर घसरतो. जमीन तीच, शेतकरी तेच. झाड फक्त लिपीमुळे बदललं.

`random_state` न देता पुन्हा पुन्हा चालवल्यावर झाडाचा आकार बदलतो, असंही दिसेल. वरच्या झाडात मध्यम वेगळी झाली, मग पाणी विचारलं, की पाणी असलेल्या तीन ओळी उरतात: गट ३१, ६६ आणि ८५. तिथे जमीन आणि पाऊस दोघांचाही गेन ०.२५२ येतो. अशी बरोबरी लायब्ररी यादृच्छिक क्रमाने फोडते. `random_state` ठरवून दिला की छपाई स्थिर राहते. या तक्त्यात कोणतंही आधी घेतलं तरी निकाल एकच निघतो, फक्त चित्र वेगळं.

हातचं झाड आणि लायब्ररीचं झाड यांच्यात मात्र निकालाचाच फरक आहे. दहाही ओळी दोघं बिनचूक सांगतात. आता नवा शेतकरी घ्या: हलकी जमीन, विहिरीला पाणी नाही, परतीचा पाऊस चांगला. हातचं झाड जमीन हलकी पाहून पावसाकडे जातं आणि हरभरा सांगतं. लायब्ररीचं झाड मध्यम नाही हे पाहून पाण्याकडे जातं आणि ज्वारी सांगतं. हलकी जमीन आणि पाणी नाही अशी एकही ओळ तक्त्यात नाही, म्हणून दोघांपैकी कोणाला चूक ठरवायला आधारच नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत दोन्ही झाडं शेजारी काढा, ही ओळ दोन्हींतून चालवून दाखवा आणि तक्त्यात कोणती जोडी कमी आहे ते नमूद करा.